जीपीएसचे बिंदू मुळशीऐवजी आफ्रिकेजवळच्या समुद्रात: EPSG:4326 आणि EPSG:3857

देवराई_मुळशी

आमचा गट मुळशी तालुक्यातल्या देवरायांच्या हद्दी नोंदवतो आहे. हातातला जीपीएस घेऊन कडेकडेने चालायचं, फेरी पूर्ण झाली की बिंदू सीएसव्हीत काढायचे, असं चाललंय. पुढे हे सगळं वेब नकाशावर टाकायचंय, म्हणजे गावातल्या लोकांना मोबाइलवर दिसेल.

क्यूजीआयएसमध्ये आधी ओपनस्ट्रीटमॅपचा थर लावला. खाली कोपऱ्यात EPSG:3857 दिसलं, म्हणून सीएसव्ही घेतानाही तेच निवडलं. सगळी देवराई एका ठिपक्याएवढी झाली आणि तो ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात पडला! यंत्राच्या माहितीपुस्तिकेत WGS 84 लिहिलंय, शोधल्यावर त्याचा कोड 4326 निघाला.

दोन प्रश्न आहेत. पृथ्वी एकच असताना यंत्राचा कोड वेगळा आणि वेब नकाशाचा वेगळा, असं का? आणि एकातून दुसऱ्यात नेमकं कसं न्यायचं? आणखी एक गोष्ट छळतेय. एका देवराईचं क्षेत्रफळ यंत्र 1.60 हेक्टर दाखवतं. एका मित्राने तीच हद्द 3857 मध्ये बदलून मोजली तर 1.79 आलं. वन समितीपुढे कुठला आकडा ठेवू?

कोडकट्टा

सोपं आहे. 4326 म्हणजे गोल पृथ्वी आणि 3857 म्हणजे सपाट नकाशा. थरावर राइट क्लिक करून `Set Layer CRS` मध्ये 4326 द्या, बिंदू जागेवर येतील.

पण 3857 पासून जपून राहा. त्यात पृथ्वी लंबगोल न धरता साधा गोल धरलाय, त्यामुळे जागाच चुकते. ध्रुवांकडे चाळीस-चाळीस किलोमीटरचा फरक पडतो असं वाचलंय. अमेरिकेच्या एनजीए या संस्थेने 2014 मध्ये लष्करी कामासाठी ते वापरू नका असं सांगितलं होतं.

सर्व्हेकाका

देवराईताई, तुमचा ठिपका तिथे का पडला ते आधी बघा, म्हणजे निम्मा प्रश्न सुटेल. तुमच्या फाइलमध्ये रेखांश 73 च्या पुढे आणि अक्षांश 18 च्या पुढे असणार. हे अंश आहेत. 3857 चं एकक मीटर. तुम्ही 3857 निवडलंत तेव्हा क्यूजीआयएसने त्याचा अर्थ घेतला, शून्य बिंदूपासून 73 मीटर पूर्वेला आणि 18 मीटर उत्तरेला. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश गिनीच्या आखातातच छेदतात. अख्खी हद्द अंशाच्या हजाराव्या भागात मावते, म्हणून मिलिमीटरभर जागेत सगळे बिंदू एकावर एक पडले. आकडे शाबूत आहेत, त्यांच्यावरची चिठ्ठी चुकलीय.

आता कोड वेगळे का ते सांगतो. जीपीएस यंत्र उपग्रहांवरून पृथ्वीवरची जागा काढतं आणि ती WGS 84 लंबगोलावर अक्षांश-रेखांशात देतं. त्यात नकाशा नाहीच, फक्त कोन आहेत. संगणकाच्या पडद्याला मात्र सपाट चौकट लागते. कोन तसेच आडवे-उभे मांडले तर विषुववृत्तापासून लांब गेल्यावर आकार पसरट होतात, कारण तिथे एक अंश रेखांश जमिनीवर कमी अंतराचा असतो. मर्केटर हा सपाट मांडणीचा प्रकार त्यावर उपाय करतो. आडवं जितकं ताणलं जातं तितकंच उभंही ताणतो, त्यामुळे काटकोनातले रस्ते काटकोनातच दिसतात.

2005 च्या सुमारास ब्राउझरमध्ये नकाशे आले तेव्हा जगाचं एक चौकोनी चित्र, त्याचे चार तुकडे, प्रत्येकाचे पुन्हा चार, असा 256 पिक्सेलच्या फरशांचा हिशोब बसवला गेला. उत्तर-दक्षिण साधारण 85.05 अंशांवर कापलं की मर्केटरचा नकाशा बरोबर चौरस होतो, प्रत्येक बाजू सुमारे 4 कोटी मीटर. त्यात लंबगोलाचं लांबलचक सूत्र न वापरता गोलाचं छोटं सूत्र घेतलं:

```
x = R * λ
y = R * ln(tan(π/4 + φ/2))
R = 6378137
```

φ म्हणजे अक्षांश, λ म्हणजे रेखांश, दोन्ही कोन रेडियनमध्ये घ्यायचे. गंमत अशी की यात जाणारे φ आणि λ जीपीएसचेच, म्हणजे लंबगोलावरचे असतात. सूत्र गोलाचं आणि कोन लंबगोलावरचे, ही सरमिसळ मोजणीवाल्यांना रुचली नाही. कोडांची यादी ठेवणाऱ्यांनी बरेच दिवस याला जागाच दिली नव्हती. तोवर लोक 900913 हा घरगुती आकडा वापरत होते, आकडे अक्षरांसारखे वाचले तर त्यात google दिसतं. पुढे 3857 मिळालं, तेही `WGS 84 / Pseudo-Mercator` या नावाने.

कोडकट्टा, `Set Layer CRS` चा तुमचा सल्ला बरोबर आहे. मात्र 3857 मुळे जागा चुकते हे खरं नाही. ज्या सूत्राने गेलात त्याच्याच उलट सूत्राने परत आलात तर अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मिळतात. तुम्ही वाचलेला फरक वेगळ्या गोष्टीचा आहे. लंबगोलाचं खरं मर्केटर EPSG:3395 आहे. 3395 चे आकडे कोणी 3857 समजून वाचले तर घोळ होतो. पुण्याच्या अक्षांशावर दोन्हींच्या y मध्ये साधारण साडेतेरा किलोमीटरचं अंतर आहे. शनिवारवाड्याचा बिंदू तसा चुकून वाचला तर कात्रजच्याही पुढे दक्षिणेला जाऊन पडेल. लष्कराला धास्ती असते ती अशा गल्लतीची.

कोडकट्टा

अच्छा, म्हणजे सरमिसळ असली तरी दोन्ही दिशांना तीच आहे, म्हणून जागा हरवत नाही. पटलं. मग मित्राचं 1.79 कुठून आलं?

सर्व्हेकाका

ताणातून. जागा बरोबर असली तरी 3857 मधला एक मीटर जमिनीवरचा एक मीटर नसतो. विषुववृत्तावर जवळपास बरोबर असतो, उत्तरेकडे सरकलं की फुगत जातो. मुळशी-पुण्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम 100 मीटर तिथे सुमारे 105.4 होतात आणि दक्षिण-उत्तर 100 मीटर सुमारे 106.1. हे दोन आकडे सारखे नाहीत, ते त्या सरमिसळीमुळेच. गुणाकार केला की क्षेत्रफळ जवळपास 1.118 पट. 1.60 ला 1.118 ने गुणा, 1.79 येतं. तुमच्या मित्राचा आकडा इथून आलाय.

गुंठ्यांत सांगायचं तर एका एकराचे 40 गुंठे 3857 मध्ये 44.7 दिसतील. समितीपुढे 1.79 कृपा करून ठेवू नका. उद्या शेजारच्या खातेदाराने मोजणी मागवली तर तुमची बाकीची नोंदही संशयात येईल.

स्टॉकहोमकर

इथे स्वीडनमध्ये हाच फुगवटा फार मोठा आहे. स्टॉकहोमच्या अक्षांशावर अंतर जवळजवळ दुप्पट आणि क्षेत्रफळ 3.8 पट दिसतं, त्यामुळे चूक लगेच लक्षात येते. महाराष्ट्रात 11-12 टक्के म्हणजे खरा वाटेल असा आकडा, म्हणून तो खपून जातो.

काका काटकोनांबद्दल म्हणाले, त्याला आमच्या शहराचा दाखला आहे. गूगल मॅप्स पहिल्यांदा आलं तेव्हा त्यात मर्केटर नव्हतं आणि स्टॉकहोमसारख्या उत्तरेकडच्या शहरांतले रस्ते काटकोनात मिळत नव्हते. त्यांच्याच माणसाने हे नंतर लिहिलं होतं. 2018 पासून संगणकावर पूर्ण झूम आउट केलं की तिथे पृथ्वीचा गोल दिसतो, पण गल्लीबोळ बघताना मर्केटरच बरं पडतं.

सातबारा_भोर

माझीही हीच अडचण. आमच्या गावाचा जुना गाव नकाशा स्कॅन केला आणि सॅटेलाइट फोटोवर ठेवला. बांध कुठेच जुळत नाहीत, काही ठिकाणी शंभर मीटर सरकलेत. 3857 मधून 4326 मध्ये रिप्रोजेक्ट केलं तर जुळेल का? आणि असं जुळवलेलं मोजणी खात्यात चालतं का?

सर्व्हेकाका

नाही जुळणार, तुमचा प्रश्न निराळा आहे. देवराईताईंच्या दोन्ही कोडांखाली आधार एकच आहे, WGS 84. तिथे फक्त मांडणी बदलते. जुन्या नकाशांचा आधारच वेगळा असू शकतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर आहेत. 2005 च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीज मॅपना WGS 84 चा आधार आणि यूटीएम ही सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांची, मीटरमधली मांडणी मिळाली. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच्या तसे जीपीएसचे समजून टाकले तर आपल्याकडे शंभर मीटरच्या आसपास सरकतं. गाव नकाशावर तर बहुतेक वेळा अक्षांश-रेखांश नसतातच, तो साखळीने मोजलेला असतो. त्याला शेतातल्या दगडांवर, बांधांच्या तिठ्यांवर नव्याने बिंदू घेऊन जिओरेफरन्स करावं लागतं. आणि कायदेशीर हद्दीसाठी अधिकृत मोजणीच लागेल, आपण घरी जुळवलेलं चालणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

देवराई_मुळशी

`Set Layer CRS` मध्ये 4326 दिलं आणि बिंदू थेट देवराईवर आले! पण मग रिप्रोजेक्ट झालं कुठे? मी तर फक्त नाव बदललं. वेबवर टाकताना 3857 करून द्यायचं की नाही?

सर्व्हेकाका

हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात. दोन वेगळ्या कृती आहेत. एकीत आकडे तेच राहतात, ते कुठल्या पद्धतीचे आहेत एवढंच सांगितलं जातं. `Set Layer CRS` हे तेवढंच करतं. दुसरीत आकडेच बदलतात आणि नवी फाइल तयार होते. तिचं नाव `Reproject Layer`, किंवा थर एक्स्पोर्ट करताना CRS बदलायचा. पोस्टजीआयएसमध्ये पहिलीला `ST_SetSRID` आणि दुसरीला `ST_Transform` म्हणतात, ogr2ogr मध्ये `-a_srs` आणि `-t_srs`. चिठ्ठी चुकली असेल तर पहिली वापरा. चिठ्ठी बरोबर आहे पण आकडे दुसऱ्या पद्धतीत हवेत, तर दुसरी. चुकलेल्या चिठ्ठीवर रिप्रोजेक्ट केलं तर चूक पक्की होऊन नव्या फाइलमध्ये बसते आणि मग शोधायला जड जाते.

तुम्हाला पडद्यावर जुळलेलं दिसलं, कारण क्यूजीआयएस दाखवण्यापुरतं स्वतःच 3857 मध्ये बदलून घेतं. तुमची फाइल 4326 मध्येच आहे.

बदल खरंच होतोय का ते एका ओळखीच्या जागेवर तपासा. शनिवारवाडा घ्या, अक्षांश 18.5195, रेखांश 73.8553. पायथनमध्ये:

```python
from pyproj import Transformer
t = Transformer.from_crs("EPSG:4326", "EPSG:3857", always_xy=True)
print(t.transform(73.8553, 18.5195))
```

उत्तर साधारण 8221534 आणि 2098446 यायला हवं. वरच्या सूत्रात कॅल्क्युलेटरने घालून बघितलंत तरी हेच येईल. x साठी तर रेखांशाला 111319.49 ने गुणलं की झालं.

आकडे बघून पद्धत ओळखायची सवय लावा. दोन-अंकी आकडे आणि पुढे दशांश असेल तर अंश. x 82 लाखांच्या आसपास असेल तर पुण्याकडचं 3857. यूटीएम झोन 43 मध्ये शनिवारवाड्याचा x साधारण 3 लाख 79 हजार आणि y 20 लाख 48 हजार येतो. दोन्हीकडे y 20 लाखांच्या घरातच असतो, म्हणून y बघून फसायला होतं. ओळख x वरून पटवा.

कोडकट्टा

त्या `always_xy=True` बद्दल मी सांगतो, त्यात मी रोज असतो. 4326 च्या अधिकृत व्याख्येत आधी अक्षांश आणि मग रेखांश आहे. प्रोजची 6 वी आवृत्ती आणि जीडीएएल 3 आल्यापासून लायब्ररी ती व्याख्या पाळायला लागल्या. त्यामुळे ही खूण दिली नाही तर pyproj पहिला आकडा अक्षांश समजतं. जिओजेसनमध्ये उलट, आधी रेखांश: `[73.8553, 18.5195]`. आणि लीफलेटमध्ये मार्कर लावताना पुन्हा आधी अक्षांश: `L.marker([18.5195, 73.8553])`.

उलटापालट झाली की पुणे 73.86 उत्तर अक्षांशावर जातं, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर आयलंडच्या थोडं दक्षिणेला. गिनीच्या आखातात पडलं तर चिठ्ठी चुकली, बर्फाळ समुद्रात पडलं तर क्रम चुकला. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी या दोनातच संपतात.

वेबसाठी मात्र ताई, तुम्ही 3857 करून देऊच नका. लीफलेट अंशच मागतं आणि स्वतः बदल करून फरश्यांवर बसवतं. जिओजेसनचं प्रमाणही WGS 84 चे अंशच धरतं. 3857 चे मीटर जिओजेसनमध्ये भरून दिले तर लीफलेट 82 लाख अंश समजून बसेल आणि तुमची हद्द नकाशावर सापडणारच नाही.

देवराई_मुळशी

मग 3857 करायची गरज पडते तरी कधी?

कोडकट्टा

स्वतःच्या फरश्या बनवायच्या असतील तेव्हा. उदाहरणार्थ ड्रोनने काढलेला देवराईचा फोटो वेब नकाशावर थर म्हणून द्यायचा असेल तर तो चित्राचा थर 3857 मध्ये आणून मग तुकडे करावे लागतात. बिंदू आणि हद्दींसाठी नाही.

रानवाटा_यवतमाळ

क्षेत्रफळासाठी सगळे सरसकट EPSG:32643, म्हणजे यूटीएमचा झोन 43 सांगतात, तेवढं विदर्भवाल्यांनी जपून घ्या. झोन 43 हा 72 ते 78 अंश रेखांशाचा. अमरावती त्यात बसते, पण यवतमाळ 78 च्या जरा पूर्वेला आहे, वर्धा आणि नागपूरही पलीकडे. आम्हाला झोन 44, म्हणजे EPSG:32644 लागतो. आमच्या गटाची काही वनक्षेत्रं बरोबर 78 च्या रेषेवर आहेत, अर्धी इकडे अर्धी तिकडे. त्यांचं काय करायचं?

सर्व्हेकाका

रेषा ओलांडली म्हणून यूटीएम लगेच बिघडत नाही. क्षेत्राचा जास्त भाग ज्या झोनमध्ये आहे तो घ्या आणि अख्खी हद्द त्यातच मोजा. झोनच्या कडेला ताण हजारात एखादा भाग असतो, तुमच्या हातातल्या जीपीएसची चूक त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

ताई, तुमच्यासाठी मोजणीची वाट अशी. यंत्रातून सीएसव्हीऐवजी जीपीएक्स काढा. त्या प्रकारात WGS 84 चे अंशच असतात आणि `lat`, `lon` नावानिशी लिहिलेले असतात, म्हणून चिठ्ठी आणि क्रम दोन्ही चुकण्याची भीती जाते. मग:

```
ogr2ogr -t_srs EPSG:32643 devrai.gpkg devrai.gpx tracks
```

ही रेघ आहे, तिचं क्षेत्र करायला `Lines to Polygons` चालवा. आणि क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळ काढताना एक बारकावा लक्षात ठेवा. `$area` लिहिलं तर प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या लंबगोलावर हिशोब होतो, थर 3857 मध्ये असला तरी उत्तर बरोबर येतं. `area($geometry)` लिहिलं तर थराच्या सपाट आकड्यांवरच होतो. तुमच्या मित्राने बहुधा दुसरं वापरलं असावं.

देवराई_मुळशी

विचारलं त्याला. `area($geometry)` च होतं. त्याच थरावर `$area` चालवलं तर 1.60 आलं. 32643 मध्ये नेलेल्या थरावर दोन्हींचं उत्तर दुसऱ्या दशांशापर्यंत तेच आहे. वेबसाठी जिओजेसन 4326 मध्येच ठेवलाय आणि लीफलेटवर हद्द बरोबर झाडांच्या कडेने दिसतेय. फक्त एका बाजूला रेघ चार-पाच मीटर ओढ्यात शिरते. हे रिप्रोजेक्टमुळे असेल का?

सर्व्हेकाका

नाही. रिप्रोजेक्टचा दोष असता तर सगळी हद्द एकसारखी सरकली किंवा ताणली गेली असती. एकाच बाजूला बिघडलंय म्हणजे तिथे दाट झाडी किंवा कडा असणार आणि यंत्राला उपग्रह नीट दिसले नसणार. तेवढा भाग पुन्हा चालून घ्या, शक्य तर पानगळीनंतर.

खांब_आणि_खूण

मी आरटीकेवर काम करतो, सेंटिमीटरमध्ये. माझे बिंदू वेब नकाशावरच्या उपग्रह चित्रावर दीड-दोन मीटर बाजूला दिसतात, सगळीकडे एकाच दिशेने. काका म्हणतात तसं एकसारखं सरकलंय, म्हणजे दोष 4326 ते 3857 च्या बदलातच असला पाहिजे ना?

सर्व्हेकाका

त्या बदलात दोन मीटर जायला जागाच नाही, ते शुद्ध सूत्र आहे. मला दोन शक्यता दिसतात. उपग्रह चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असतं, हे वेब नकाशांवर सर्रास आहे. दुसरी शक्यता म्हणजे 4326 हा कोड WGS 84 च्या सगळ्या आवृत्त्यांना एकत्र धरतो, कुठल्या वर्षीची जागा ते सांगत नाही. आपला भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. वीस वर्षांत एक मीटर होतं. तुमचं बेस स्टेशन कुठल्या चौकटीत आणि कुठल्या सालच्या निर्देशांकांवर आहे ते आधी बघा.

खांब_आणि_खूण

बेसच्या कागदावर ITRF2008 आहे, साल लिहिलेलं नाही. पण माझे बिंदू चित्राच्या नैर्ऋत्येला पडतात. भूपट्टामुळे असतं तर नवे बिंदू जुन्या चित्राच्या ईशान्येला जायला हवे होते.

सर्व्हेकाका

मग चित्राचाच संशय जास्त. शेजारच्या तालुक्यात, वेगळ्या तारखेच्या चित्रावर तपासा. तिथे दिशा किंवा अंतर बदललं तर चित्र सरकलेलं आहे. बदललं नाही तर बेसचा कागद देणाऱ्यांकडून साल मागवून घ्या आणि इथे टाका.